राखुंडीची सांजवात

आजीने पितळी डब्याचं झाकण उघडलं की घरात कुठूनतरी एक मांजर येतं. कधी कापसाच्या ढिगावरून उतरतं, कधी चुलीमागून, कधी कौलांवरून भिंतीच्या आधाराने खाली. येऊन आजीच्या डाव्या गुडघ्याशी उभं राहतं, तिच्या लुगड्यावर पुढच्या दोन पायांनी कणीक तिंबल्यासारखं करतं आणि मग बसतं. शेपटी पायांभोवती गुंडाळलेली, तोंड देवळीतल्या दिव्याकडे. हरिपाठ संपेपर्यंत जागचं हलत नाही. आरतीचं तबक उचललं आणि कापूर पेटला की उठतं आणि निघून जातं.

मांजरीचं नाव राखुंडी. रंग तसाच आहे, चुलीतल्या राखेचा. गाव राळेगाव तालुक्यातलं, हजारेक उंबऱ्यांचंही नसलेलं. आणि तिथे या मांजरीविषयी बोलताना लोक आवाज जरा खाली आणतात.

मागच्या कार्तिकात मी आठ दिवस गावी राहिलो ते कापसाच्या वेचणीवर लिहायला म्हणून. वेचणीचं लिहिणं बाजूला राहिलं. रोज संध्याकाळी मी ओसरीत पाट टाकून या मांजरीकडे बघत बसायचो. शेजारच्या काकू येताजाता हात जोडून जायच्या, आजीला की मांजरीला हे काही कळायचं नाही. मोठ्या काकांचं मत ठाम होतं: मागच्या जन्मीचा कोणी वारकरी असणार, पंढरीची वाट चुकली म्हणून इथे आला. आमच्या काकूचं मत त्याहून ठाम होतं: दूध मिळतं म्हणून बसते, मेली लबाड. गल्लीतल्या एका शिक्षकांनी उंदरांचं कारण सांगितलं. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "बसते तं बसू दे ना बाबू. तुह्यं काय जाते?"

मला यातलं शिक्षकांचं कारण पहिल्यांदा पटलं, कारण ते वातींशी जोडलेलं होतं, आणि आमच्या घरात वाती हा गंभीर विषय आहे.

आमच्या भागात वातीचा कापूस कोणी विकत आणत नाही. आजी ढिगातली चार पांढरीशुभ्र बोंडं निवडते, बोटांनी सरकी काढते, कापूस विंचरल्यासारखा दोन्ही हातांनी ताणून त्याचा पातळ पापुद्रा करते, चिमटीला चुलीतली राख लावते आणि तळहातावर वळते. राख लावली की तंतू घसरत नाहीत आणि पीळ बसतो. लांब वात तेलाची. फुलवात वेगळी: खाली गोल बूड, वर टोक, आणि ती वितळलेल्या तुपात बुडवून, थिजवून डब्यात ठेवायची. या तूप प्यालेल्या फुलवाती उंदरांना खाऊपेक्षा प्रिय. देवळीतून वात पळवून नेणारा उंदीर आमच्याकडे प्रत्येक घराला माहीत आहे. विझलेली वात नेली तर नुकसान एका वातीचं. जळती नेली तर काय होतं, ते ज्या घराच्या माजघरात छतापर्यंत कापूस भरलेला आहे त्या घराला समजावून सांगावं लागत नाही.

कारण कापूस घरातच असतो. वेचून आणला की लगेच विकायचा की भाव चढायची वाट बघायची, हा हिशेब दिवाळीपासून होळीपर्यंत चालतो, आणि तोवर माणसं ओसरीत झोपतात, कापूस माजघरात. ढिगात ऊब असते, सरकी असते, म्हणून उंदीर असतात, म्हणून मांजर असतं. या साखळीत देवाचा दिवा हा सगळ्यात धोक्याचा मणी आहे. तेव्हा मांजर दिव्यापाशी बसतं ते उंदरांच्या वाटेवर बसतं, हे शिक्षकांचं म्हणणं बिनचूक वाटावं असंच होतं. वेळही जुळत होती. मांजराचा शिकारीचा प्रहर मध्यरात्रीचा नसतो, पहाटेचा आणि दिवेलागणीचा असतो. उंदरांची हालचाल वाढते तीही याच सुमारास.

मी तिचे कान बघायला लागलो. डोळे अर्धे मिटलेले, चेहरा एखाद्या कीर्तनाला बसलेल्या आजोबांसारखा, पण कान मात्र जागे. मांजराचे दोन्ही कान स्वतंत्रपणे फिरतात, आणि माणसाला सेकंदाला 20 हजार कंपनांपुढचं काही ऐकू येत नसताना मांजराला त्याच्या तिपटीएवढं ऐकू येतं. उंदराची बारीक चिर्र आपल्या कानांच्या पलीकडची असते, तिच्या कानांच्या आत. राखुंडीचा एक कान आजीकडे असायचा आणि दुसरा मागे, कापसाकडे वळलेला. मला वाटलं, सापडलं. तिसऱ्या दिवशी हरिपाठ चालू असताना माजघरात खरोखरच खुडबुड झाली. मलाही ऐकू आली इतकी. राखुंडीचा कान फिरला, शेपटीचं टोक दोनदा हललं, आणि ती बसून राहिली. आरती झाल्यावर अर्ध्या तासाने तिने तोच उंदीर धरून उंबऱ्यावर आणून ठेवला. म्हणजे शिकार तिची होतीच, पण ती त्या वेळेची नव्हती. शिक्षकांचं कारण खोटं ठरलं नाही, अपुरं ठरलं.

मग उबेचं कारण. मांजराचा जीव उबेवर. आपल्याला अंगावर कपडे असताना जिथे बरं वाटतं तिथे मांजराला गारठा वाटतो. 30 ते 38 अंश सेल्सियस या पट्ट्यात त्याच्या शरीराला ऊब राखायला वेगळी मेहनत करावी लागत नाही. कार्तिकातल्या संध्याकाळी आमच्याकडे पारा झपाट्याने खाली येतो. देवळीतला दिवा, शेजारी आजीचं अंग, खाली चौपदरी बारदाना: घरातली सगळ्यात उबदार जागा तीच. काकूने तो बारदाना खास मांजरीसाठी घातलेला होता, दूधवाल्या लबाडीवर ठाम असूनही. मी आजीला विचारलं, उन्हाळ्यातही येते का?

"येते ना. पण मंग तिकडं बसते," आजीने हातभर लांबच्या फरशीकडे बोट केलं. "वैशाखात पाठ टेकत नाई मले. लांबून आयकते."

हे उत्तर मला आठ दिवसांत मिळालेलं सगळ्यात मोलाचं उत्तर वाटतं. यवतमाळचा वैशाख म्हणजे पारा पंचेचाळिसाला शिवणारा. दिवा तेव्हा नकोसा, माणसाचं अंग नकोसं. तरी मांजर येतं. फक्त अंतर बदलतं. हिवाळ्यात गुडघ्याला लागून, पावसाळ्यात वीतभर दूर, उन्हाळ्यात गार फरशीवर पोट टेकून. ऊब तिची जागा ठरवत होती, येणं ठरवत नव्हती.

राहिलं दूध. आजी नैवेद्याच्या वाटीतलं दूध आरतीनंतर मांजरीच्या करवंटीत ओतते हे खरं. पण राखुंडी तर कापूर पेटला की निघून जायची आणि दूध तासाभराने, कोणी बघत नसताना प्यायची. चौथ्या दिवशी काकूच्या संमतीने आम्ही दूध ठेवलंच नाही. पाचव्या दिवशी ती वेळेवर हजर. सहाव्या दिवशी हजर. काकूने मान्य केलं नाही, पण बोलणं थांबवलं.

इथे वेळेचा प्रश्न आला. तिला कळतं कसं? आमच्या गावात संध्याकाळी श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. तुकडोजी महाराजांच्या मोझरीचा हा शिरस्ता वऱ्हाडातल्या कितीतरी गावांत आजही चालतो. पूर्वी आजी प्रार्थनेला चावडीपाशी जायची, गुडघे गेल्यापासून घरीच बसते. प्रार्थनेचा भोंगा घड्याळावर लागतो. आजीचा दिवा मात्र सूर्यावर. कार्तिक-मार्गशीर्षात आमच्याकडे साडेपाचनंतर लगेच सूर्य बुडतो, आषाढात सातच्या सुमाराला, म्हणजे वर्षात सव्वा-दीड तासाचा फरक. भोंग्यावर यायची तर मांजर वर्षातले कितीतरी दिवस चुकली असती. आजीच्या म्हणण्याप्रमाणे ती कधीच चुकत नाही.

सातव्या दिवशी दुपारी चार वाजता मी तो पितळी डबा उघडला. झाकण घट्ट आहे, उघडताना टणकन वाजतं. राखुंडी आली. धावत नाही, पण आली. देवळीसमोर उभी राहिली, रिकाम्या पाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्याबद्दल तिचं काय मत झालं ते शेपटीने सांगून निघून गेली. जपानमध्ये 2019 साली एका अभ्यासात दिसलं होतं की घरातल्या मांजरांना त्यांचं नाव तशाच लांबीच्या दुसऱ्या शब्दांतून वेगळं ओळखता येतं. डब्याचा आवाज ओळखणं त्याहून सोपं. फक्त हाच आवाज का, हे कळत नव्हतं. घरात डबे वीस आहेत, आणि त्यातल्या एकात बोंबील असतात.

त्याच संध्याकाळी मी पुन्हा ते कणीक तिंबणं बघितलं आणि या वेळी जरा नीट बघितलं. मांजराचं पिल्लू दूध पिताना आईच्या पोटावर दोन्ही पायांनी असंच दाबतं, त्याने दूध सुटतं. पुष्कळ मांजरं मोठेपणीही मऊ जागा मिळाली की ते करतात. राखुंडी गोधडीवर करत नाही, कापसावर करत नाही, काकूच्या मांडीवरही नाही. मी आजीला विचारलं, हिला लहानपणी दूध कोणी पाजलं?

आजी थोडा वेळ बोलली नाही. मग वात वळता वळता बोलायला लागली.

राखुंडीची आई याच कापसात व्याली होती. आजीला ती मांजर फार प्रिय. 2018 साली आमच्या तालुक्यात अवनी वाघिणीची दहशत होती. तेरा माणसांचा बळी तिच्या नावावर सांगितला जात होता आणि दिवेलागणीला गावं दारं लावून घेत होती. नोव्हेंबरच्या 2 तारखेच्या रात्री, दिवाळीच्या तोंडावर, तिला बोराटीच्या बाजूला गोळी घातली गेली. त्या सगळ्या महिन्यांत दार लावायच्या आधी आजी अंगणात उभी राहून मांजरीला हाका मारायची, आणि काका चिडायचे की वाघाच्या मावशीला कसली आली भीती. ती मांजर वाघिणीच्या हद्दीतून वाचली आणि पुढे एका हिवाळ्यात शेजारी कोणीतरी उंदरांसाठी ठेवलेल्या गोळीने गेली.

ती गोळी म्हणजे कणकेत मळलेली काळी पूड, झिंक फॉस्फाइड. लसणासारखा वास येतो. उंदराच्या पोटात गेल्यावर तिथल्या आम्लाशी मिळून विषारी वायू होतो. उंदीर ती खाऊन लगेच मरत नाही, काही वेळ झिंगत फिरतो, आणि असा संथ उंदीर मांजराला सगळ्यात आधी सापडतो. न पचलेली गोळी उंदराच्या पोटातून मांजराच्या पोटात जाते. आजीला रसायन माहीत नव्हतं. तिने एवढंच बघितलं की मांजर ओकली, थरथरली आणि सकाळी चुलीपाशी आडवी होती. त्या दिवसापासून आमच्या घरात उंदराची गोळी येत नाही, आणि आजीने शेजारच्या चार घरी जाऊन हात जोडून सांगितलं म्हणून त्यांच्याकडेही येत नाही.

कापसात तीन पिल्लं राहिली होती. डोळे उघडलेले, पण चालता येत नव्हतं धड. गाईचं दूध पाजलं की त्यांना ढाळ लागायचे, म्हणून आजीने शेळीचं दूध आणवलं, कोमट केलं. ड्रॉपर घरात नव्हता. पण वाती होत्या. आजीने एक वात नेहमीपेक्षा घट्ट वळली, तंतू सुटून पोटात जाऊ नयेत म्हणून, आणि दुधात बुडवून पिल्लाच्या तोंडात धरली. एका वातीने थेंबाथेंबाने एका पिल्लाचं पोट भरायला वेळ लागायचा. दिवसातून पाच-सहा वेळा. आजीला दिवसभर शेतातली माणसं, स्वयंपाक, गुरं. सलग बसायला मिळायचं ते संध्याकाळी, हरिपाठाच्या वेळी. तेव्हा पिल्लं मांडीवर घ्यायची, तोंडाने अभंग चालू, हाताने वात. दोन पिल्लं आठवड्याभरात गेली. एक राहिलं.

"हिच्या कानात दुधासंगं हरिपाठ गेला," आजी म्हणाली. मग स्वतःच हसली. "तिले देव-गिव काई समजत नाई रे. तिले वाटते मी तिची माय होय."

मांजराच्या पिल्लाचा दुसऱ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार नाजूक असतो. त्या दिवसांत माणसाचा हात, वास, आवाज मिळाला तर ते पुढे माणसाला आपलं मानतं. तो काळ हुकला तर कितीही दूध घाला, हाताखाली येत नाही. राखुंडीचा तो सगळा काळ आजीच्या मांडीवर, त्या एका सुरात गेला होता. डब्याचं झाकण वाजणं म्हणजे वात निघणं, वात निघणं म्हणजे दूध येणं. दुधाची वात बंद होऊन वर्षं लोटली. आवाज उरला, मांडी उरली.

हे कळल्यावर कापराचंही कोडं सुटलं, आणि तिथेच काकांच्या वारकऱ्याची पंचाईत झाली. आरती सुरू झाली की मांजर उठते, तिला पूजा संपल्याचं कळतं, असं गावात सांगितलं जायचं. ती कापरामुळे उठायची. कापूर मांजराला नुसता नकोसा नाही, विषारी आहे. अशी तीव्र वासाची द्रव्यं निकामी करण्याची मांजराच्या यकृताची ताकद आपल्याहून पुष्कळ कमी असते. शेवटच्या दिवशी मी काकूला कापूर न लावता फुलवातीनेच आरती करायला सांगितलं. राखुंडी बसून राहिली. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, प्रसाद वाटला, ती बसूनच. काकांना याचा अर्थ असा लागला की तिची भक्ती वाढली.

काकांना दोष देण्यात अर्थ नाही. बसलेलं मांजर दिसतंच तसं. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधन पांडवांना निरोप पाठवतो त्यात एका मांजराची गोष्ट सांगतो: गंगेच्या काठी हात वर करून तप करणारं मांजर, त्यावर विश्वास टाकणारे उंदीर, आणि रोज कमी होत जाणारी उंदरांची संख्या. महाबलीपुरमच्या पल्लवकालीन शिल्पात ते मांजर दोन पायांवर उभं आहे, उंदरांसकट. उलट बाजूने, तान्ह्या बाळाच्या पाचवी-सहावीला जिची पूजा होते त्या षष्ठीचं वाहन मांजरच. आपल्या लोकांनी मांजराला एकतर ढोंगी ठरवलं नाहीतर देवीच्या पायाशी बसवलं. मांजर नुसतं एका म्हातारीपाशी बसलेलं आहे, हे आपल्याला पुरत नाही.

आणि श्राद्धाची गोष्ट तर घरोघर माहीत आहे: सासू श्राद्धाच्या दिवशी दुधात तोंड घालणारं मांजर टोपलीखाली झाकून ठेवायची, सासू गेल्यावर सून श्राद्धाच्या दिवशी गावभर मांजर शोधत हिंडली, टोपलीखाली झाकायला. काकूने बारदान्याची रोज नव्याने घडी घालायला सुरुवात केली तेव्हा मला ती गोष्ट आठवली. मी बोललो नाही. आठ दिवस तिच्या हातचं खात होतो.

मी परतलो आणि माघात आजीच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचं ठरलं. शस्त्रक्रिया यवतमाळला झाली. घरी यायला दहा दिवस लागले, कारण आत्याने सोडलं नाही. काकू रोज मला फोनवर बातमी द्यायची, आजीची कमी आणि मांजरीची जास्त. पहिल्या संध्याकाळी काकूने डबा उघडला, दिवा लावला, हरिपाठ सुरू केला. राखुंडी आली, काकूच्या पदराचा वास घेतला, बारदान्यावर उभी राहिली आणि माजघरात गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी काकूने आजीचं लुगडं नेसून बघितलं. हे तिने मला फार दिवसांनी, हसत सांगितलं. मांजर त्या दिवशी जरा जास्त वेळ उभी होती. चौथ्यापासून डबा वाजला तरी येईना. खायला येत होती, उंदीर मारत होती, कापसावर झोपत होती. आजारी नव्हती.

आजी आली ती काळा चष्मा लावून. दिवसातून चार वेळा थेंब, वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, धुरापाशी बसायचं नाही. महिनाभर चूल नाही आणि देवळीही नाही. काकू म्हणाली, दिवा मी लावते, तुम्ही ओसरीतूनच हात जोडा. मी त्या शनिवारी पोचलो होतो. आजीला बाजेवर बसवलं होतं, पाठीला उशी. आत काकूने डबा उघडला, झाकण वाजलं, बारदान्याची घडी नीट केली, दिवा लावला आणि मोठ्याने म्हणायला लागली. बाहेर अंधार पडत होता. आजी तिच्या मागून पुटपुटत होती, एक ओळ उशिराने.

राखुंडी माजघराच्या दारात आली. आत दिव्याकडे बघितलं. मग ओसरीत आली, बाजेच्या पायापाशी थांबली, आणि वर उडी मारली. आजीला अजून नीट दिसत नव्हतं. तिने हात पुढे करून वजनावरून ओळखलं. मांजर लुगड्यावर तिंबू लागली. डॉक्टरांनी मांजराचे केस डोळ्यापासून लांब ठेवा असं बजावलेलं मला आठवलं आणि मी उठलो. आजीने दुसऱ्या हाताने मला खाली बसवलं, मांजरीला गुडघ्याकडे सरकवलं आणि आत आवाज दिला.

"तू चालू दे वो पोरी तुह्यं. आमचं इकडं सुरू झालं."